अफिडेव्हिट, पॉवर ऑफ अटर्नी आणि जमिनीच्या कागदातले बाकीचे इंग्रजी शब्द मराठीत कसे लिहायचे

मी तालुक्याच्या गावी दस्त लिहायचं आणि टाइप करायचं काम करतो, चोपडा-यावल पट्ट्यातले लोक जास्त येतात. मागच्या दिवाळीनंतर एक नाना आले, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा आणि इंग्रजीतले दोन कागद, आणि आल्या आल्या म्हणाले, "भाऊ, हाऊ कागद माले समजत नही, सही करू का नको?"

प्रकरण असं होतं. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर तिघांची नावं सामाईक लागली, नाना, सुरतला कापड मार्केटात असलेला मोठा भाऊ आणि अमळनेरला दिलेली बहीण. तिघांना मिळून ४० आर विकायचं होतं. भावाला सारखं सारखं यायला जमत नाही म्हणून त्याने सुरतच्या वकिलाकडून पॉवर ऑफ अटर्नीचा ड्राफ्ट करून घेतला, तिथे गुजराती चालते, इथे मराठी, म्हणून वकिलाने मधली वाट काढून इंग्रजीत केला. बहिणीचं एक अफिडेव्हिट, तेही त्याच ऑफिसात टाइप झालेलं. आणि नानांच्या पुतण्याने दोन्हीचं मोबाईलवर मराठी करून आणलं होतं, ते वाचून गोंधळ अजून वाढला. त्या दोन कागदांवरूनच सांगतो, कारण सुरत, पुणे, मुंबईला गेलेल्या माणसांचे असले कागद आपल्याकडे रोज येतात आणि नव्याने हे काम शिकणारी मुलं त्याच त्याच जागी अडकतात.

पहिलं काम: कागदात माणसं कोण आहेत ते शोधा

शब्दकोश नंतर उघडा. आधी पेन्सिल घ्या आणि कोण कोणाला काय देतंय ते बघा. मराठी दस्ताला यासाठी दोन तयार शब्द आहेत, लिहून देणार आणि लिहून घेणार. इंग्रजीत दस्त बदलला की माणसाचं नावही बदलतं, व्हेंडर, डोनर, रिलीझर, प्रिन्सिपल, एक्झिक्यूटंट, पण आपल्याकडे जो आपला हक्क किंवा अधिकार देतोय तो लिहून देणार आणि ज्याला मिळतोय तो लिहून घेणार. ही जोडी एकदा बसली की अर्धा कागद सरळ होतो.

पॉवर ऑफ अटर्नीत प्रिन्सिपल म्हणजे लिहून देणार, आणि अटर्नी म्हणजे मुखत्यार. इथे पुतण्याच्या मराठीत "अटर्नी"चं "वकील" झालं होतं. सिनेमात अटर्नी म्हणजे वकील असतो म्हणून हे होतं, पण या कागदातला अटर्नी म्हणजे आपल्या वतीने काम करायला नेमलेला कोणीही माणूस, इथे तो नाना होता आणि नाना केळी लावतात. वकिलाला कोर्टात उभं राहायला आपण जे देतो ते वकीलपत्र, तो कागदच वेगळा. "मी माझ्या भावास वकील नेमत आहे" असं लिहिलेला कागद घेऊन गेलात तर वाचणारा पहिल्याच ओळीला थांबेल.

दुसरं काम: कागदाचं नाव नीट लावा

पॉवर ऑफ अटर्नीला मुखत्यारपत्र म्हणतात, जुन्या कागदात मुखत्यारनामा दिसेल. पण बोलताना सगळेच सरसकट कुलमुखत्यारपत्र म्हणतात आणि तिथेच चूक होते. कुल म्हणजे सगळं, एकूण. जनरल पॉवर ऑफ अटर्नी, जिच्यात सगळे व्यवहार करायचा अधिकार दिलेला असतो, ती कुलमुखत्यारपत्र. एकाच मिळकतीच्या एकाच कामासाठी दिलेली स्पेशल पॉवर ऑफ अटर्नी ती खास मुखत्यारपत्र, कोणी विशेष मुखत्यारपत्रही लिहितात. नानांच्या भावाच्या कागदावर इंग्रजीत स्पेशल होतं, आत एकच गट नंबर होता, आणि मराठीत मथळा मात्र "कुलमुखत्यारपत्र". मथळा एक सांगतो आणि आतला मजकूर दुसरं, असा कागद पुढे वादात ओढला जातो.

आणि एक, कुल ऱ्हस्व लिहा. आपल्याकडे कूळ म्हटलं की कसणारं कूळ, कूळकायदा, हेच डोक्यात येतं, आणि "कूळमुखत्यार" असं टाइप झालेलं वाचून एका आजीने खरंच विचारलं होतं की आमच्या वावरात कूळ कोण लागलं.

तिसरं काम: अधिकाराची कलमं, इथे घाई करू नका

मुखत्यारपत्राचा जीव या कलमांत असतो, कारण जो अधिकार लिहिला नाही तो मुखत्याराला मिळत नाही. नानांच्या कागदातलं वाक्य होतं, टू साइन, एक्झिक्यूट अँड प्रेझेंट द सेल डीड फॉर रजिस्ट्रेशन, अँड टू अ‍ॅडमिट एक्झिक्यूशन देअरऑफ. पुतण्याचं मराठी: "विक्री कृत्यावर सही करणे, अंमलबजावणी करणे व नोंदणीसाठी सादर करणे आणि अंमलबजावणी मान्य करणे."

तीन ठिकाणी घसरलंय. डीड म्हणजे इथे कृत्य नाही, डीड म्हणजे खत, पत्र किंवा दस्त. सेल डीड म्हणजे खरेदीखत. आता बघा, इंग्रजी माणूस विकणाऱ्याच्या बाजूने नाव ठेवतो आणि आपण घेणाऱ्याच्या बाजूने, म्हणून शब्दाला शब्द लावून "विक्रीखत" केलं तर अर्थ कळेल पण आपल्या भागात दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जो शब्द रोज चालतो तो खरेदीखत.

दुसरं, एक्झिक्यूट. हा सगळ्यात फसवा शब्द आहे. कोर्टाच्या हुकमाचं एक्झिक्यूशन म्हणजे अंमलबजावणी, पण दस्ताचं एक्झिक्यूशन म्हणजे दस्तावर सही-अंगठा करून तो पुरा करून देणं. सरकारी मराठीत याला निष्पादन म्हणतात, दस्त निष्पादित केला असं. रोजच्या दस्तात "लिहून देणे" एवढं पुरतं. मी दोन्ही वापरतो, "खरेदीखत लिहून देऊन निष्पादित करणे", म्हणजे गावातल्या माणसालाही कळतं आणि ऑफिसालाही.

तिसरं, अ‍ॅडमिट एक्झिक्यूशन. याला आपल्याकडे अगदी पक्का शब्द आहे, कबुलीजबाब देणे. दस्त नोंदवताना अधिकारी समोरच्याला विचारतात की हा दस्त तुम्हीच लिहून दिला का, सही तुमचीच का, आणि तो हो म्हणतो, तो कबुलीजबाब. मुखत्यार खरेदीखत नोंदवायला उभा राहतो तेव्हा कबुलीजबाब द्यायचा अधिकार मुखत्यारपत्रात स्पष्ट लिहिलेला हवा. "अंमलबजावणी मान्य करणे" यातून तो निघत नाही.

मी ते कलम असं लिहिलं: "सदर मिळकतीचे खरेदीखत लिहून देऊन त्यावर आमचे वतीने सही करणे, सदर दस्त दुय्यम निबंधक यांचे कार्यालयात नोंदणीस सादर करणे व निष्पादनाचा कबुलीजबाब देणे." नवशिक्यांनी या वाक्यातली क्रियापदं मोजावी, लिहून देणे, सही करणे, सादर करणे, कबुलीजबाब देणे. इंग्रजीत जितकी कामं आहेत तितकी मराठीत आलीच पाहिजेत, पण उलटंही लक्षात ठेवा, इंग्रजी वकील सेल, कन्व्हे, ट्रान्सफर, असाइन असे चार शब्द ओळीने लावतो आणि साध्या विक्रीपुरतं बघितलं तर चारींचं काम एकच असतं. तिथे मराठीत ओढूनताणून चार शब्द बनवू नका, "कायम खरेदीने देणे व हस्तांतर करणे" एवढं बास.

मग शेवटी रॅटिफायचं कलम येतं, त्याला "अनुमोदन" वगैरे शोधत बसू नका, दस्तात पिढ्यानपिढ्या चालत आलेलं वाक्य आहे, "मुखत्यार यांनी केलेली सर्व कामे आम्ही जातीने केली आहेत असे समजून ती आम्हांस मान्य व बंधनकारक राहतील."

इर्रिव्होकेबल हा शब्द दिसला तर मात्र थांबा. त्याचं मराठी "रद्द न होणारे", पण ते लिहिण्याआधी विचारा की हा शब्द हवाय कशाला. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत गुंतलेला असला तरच कायद्याने तो शब्द टिकतो, नाहीतर देणारा मुखत्यारपत्र रद्द करू शकतो आणि देणारा वारला की ते आपोआप संपतं. कागदावर शब्द आहे म्हणून ते अमर होत नाही. आणि मुखत्यारपत्र म्हणजे मालकी नाही, हेही मराठीत लिहिताना डोक्यात ठेवा, नुसतं जनरल पॉवर ऑफ अटर्नीवर जागा विकत घेतली असं म्हणणाऱ्याला मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ च्या सूरज लॅम्पच्या निकालात स्वच्छ सांगितलंय.

कन्सिडरेशन: एका शब्दावर पैसे अडकलेत

पुतण्याच्या मराठीत एक वाक्य होतं, "हा अधिकार मी कोणताही विचार न करता देत आहे." वाचून नाना घाबरले, की भाऊ विचार न करता का देतोय! मूळ इंग्रजी होतं विदाउट एनी कन्सिडरेशन. जमिनीच्या कागदात कन्सिडरेशन म्हणजे मोबदला, जे देण्याबद्दल जे मिळतं ते. म्हणजे वाक्य असं हवं, "सदर मुखत्यारपत्र विनामोबदला दिलेले आहे."

हा शब्द नुसता शोभेचा नाही. महाराष्ट्रात जमीन विकायचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र आई, बाप, भाऊ, बहीण, नवरा, बायको अशा जवळच्या नात्यात विनामोबदला दिलं असेल तर मुद्रांक शुल्क फक्त ५०० रुपये लागतं, आणि परक्या माणसाला दिलं किंवा मोबदला घेऊन दिलं तर खरेदीखताइतकं शुल्क भरावं लागतं. म्हणून दोन गोष्टी मराठीत ठळक आल्याच पाहिजेत, "विनामोबदला" आणि नातं, तेही नुसतं "भाऊ" नाही तर "सख्खा भाऊ". आपल्याकडे चुलत भावालाही भाऊच म्हणतात, कागदाला ते कळत नाही.

नोटरी आणि नोंदणी, हे दोन शब्द कधी मिसळू नका

इंग्रजीत नोटराइज्ड आणि रजिस्टर्ड असे दोन वेगळे शब्द आहेत, मराठीत नोटरी आणि नोंदणी कानाला जवळ लागतात आणि लोक "नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली" असं धरून चालतात. नोटरी म्हणजे नोटरी वकिलाने सही-शिक्का मारून त्याच्या रजिस्टरला घेतलं. नोंदणी म्हणजे दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात दस्त नोंदला गेला, त्याला दस्त क्रमांक पडला. रजिस्टर्डचं मराठी "नोंदणीकृत", नोटराइज्डचं मराठी "नोटरी समक्ष केलेले". "प्रमाणित" हा शब्द दोन्हीकडे बसतो म्हणून मी तो टाळतो.

नोंदणी कायदा १९०८ चं कलम ३३ सांगतं की दुसऱ्याच्या वतीने दस्त नोंदणीला सादर करायचा तर मुखत्यारपत्र देणारा जिथे राहतो तिथल्या निबंधकासमोर केलेलं हवं. म्हणजे नानांचा भाऊ सुरतला राहतो तर ते सुरतच्या सब-रजिस्ट्रारसमोर व्हायला पाहिजे, आणि कागद महाराष्ट्रात आला की तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क बघून घ्यायचं. ते गुजरातीत झालं तर इथे मराठी भाषांतर सोबत जोडावं लागतं, तेव्हा भाषांतर करणाऱ्याचं काम अजून वाढतं. नानांनी विचारलं की भाऊ एकदा दोन दिवस येईल तेव्हा इथे मराठीत केलं तरी चालेल का, तर निवास सुरतचा आहे म्हणून मी म्हटलं तिकडेच करा, कागदाचा एक रकाना इंग्रजी, शेजारी मराठी.

अफिडेव्हिट: सोपं दिसतं, पण बहिणीचा कागद इथेच चुकला होता

अफिडेव्हिट म्हणजे प्रतिज्ञापत्र किंवा शपथपत्र, रोजच्या कामात दोन्ही एकच. मुखत्यारपत्रात एक माणूस दुसऱ्याला अधिकार देतो, प्रतिज्ञापत्रात कोणी कोणाला काही देत नाही, एकच माणूस शपथेवर सांगतो की अमुक गोष्ट खरी आहे. म्हणून इथे लिहून घेणार नसतो. डेपोनंट म्हणजे शपथकर्ता, नाहीतर "प्रतिज्ञापत्र लिहून देणार". सुरुवात अशी, "मी खाली सही करणार, नाव, वय, धंदा, राहणार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की". सॉलेम्नली अफर्म याचं "गंभीरपणे पुष्टी करतो" असं मी खूपदा वाचलंय, ते मराठी नाही, सत्य प्रतिज्ञेवर हाच शब्द.

शेवटी व्हेरिफिकेशन येतं, त्याचं सत्यापन. तिथे इंग्रजीत दोन वेगळ्या गोष्टी असतात, नॉलेज आणि बिलीफ, त्या एकत्र करू नका. जे स्वतः बघितलं ते "माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे", जे ऐकलं किंवा कागदावरून कळलं ते "मिळालेल्या माहितीवरून व माझ्या समजुतीप्रमाणे खरे". खोटं निघालं तर शिक्षा होते म्हणून हा फरक सही करणाऱ्याच्या कामाचा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्याकडे १०० च्या जागी ५०० चा मुद्रांक झालाय, पण सरकारी ऑफिसात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तिथे कोणी ५०० चा स्टॅम्प घ्यायला लावला तर आधी विचारा.

आता बहिणीचं अफिडेव्हिट. मथळा होता नो ऑब्जेक्शन अफिडेव्हिट. पुतण्याने "ना हरकत प्रतिज्ञापत्र" केलं, मथळ्यापुरतं बरोबरच. पण तिसऱ्या परिच्छेदात एक शब्द होता, रिलिन्क्विश, आय हिअरबाय रिलिन्क्विश ऑल माय राइट्स, आणि मराठीत त्याचं "मला सर्व हक्कांबाबत हरकत नाही" झालं होतं. म्हणजे ताई समजत होत्या की आपण फक्त विकायला हो म्हणतोय, आपल्या वाट्याचे पैसे येतीलच, आणि इंग्रजी कागद म्हणत होता की त्यांनी हक्क सोडला.

रिलिन्क्विश, रिलीझ याचं मराठी हक्क सोडणे, आणि तो सोडायचा असेल तर कागदाचं नाव हक्कसोडपत्र. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीतला हक्क सोडायचा तर ते नोंदणीकृतच लागतं, अफिडेव्हिटात एक ओळ घालून ते होत नाही. म्हणजे हा कागद दोन्हीकडून वाईट, ताईंना वाटतं हक्क आहे, नानांना वाटतं सुटला, घेणाऱ्याला वाटतं सगळं साफ, आणि खरेदी झाल्यावर चार वर्षांनी भाचे कोर्टात. खानदेशात बहिणीच्या सहीवरून फुटलेली घरं मी बघितलीत आणि त्यातल्या बऱ्याच कागदांवर शब्दच चुकलेला होता, मनात वाईट कोणाच्याच नव्हतं.

म्हणून कागदाचं नाव आणि आतलं क्रियापद जुळवून बघा. खरं आहे म्हणून सांगणं ते प्रतिज्ञापत्र, हो म्हणणं ते संमतीपत्र, हक्क सोडणं ते हक्कसोडपत्र, फुकट देणं ते बक्षीसपत्र. ताईंना मी फोनवर सरळ विचारलं, ताई, तुम्हाला पैसे हवेत का हक्क सोडायचाय. त्या म्हणाल्या, पैसे हवेत, पोरीचं लग्न आहे. मग अफिडेव्हिटची गरजच उरली नाही, त्या खरेदीखतात तिसऱ्या लिहून देणार म्हणून आल्या.

बारीकसारीक शब्द

एन्कम्ब्रन्स म्हणजे बोजा, सातबाऱ्याच्या इतर हक्कात जो दिसतो तोच, फ्री फ्रॉम एन्कम्ब्रन्सेस म्हणजे "निर्वेध व बोजाविरहित". इन्डेम्निफायला "नुकसानभरपाई करून देणे", आणि दस्तात सुंदर शब्द आहे, "लिहून घेणार यांना कोणतीही तोशीस लागू देणार नाही". पझेशन म्हणजे ताबा किंवा कब्जा. अ‍ॅग्रीमेंट टू सेल म्हणजे साठेखत, त्याला खरेदीखत म्हणू नका, साठेखताने जमीन नावावर होत नाही. एअर्सना "वालीवारस". शेड्यूल म्हणजे वेळापत्रक नव्हे, "मिळकतीचे वर्णन", त्यात गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा. क्षेत्र सातबाऱ्यावर जसं आहे तसंच लिहा, ४० आर असेल तर ४० आर, त्याचे ४० गुंठे करू नका, आर १०० चौरस मीटरचा आणि गुंठा त्याहून थोडा मोठा, फरक थोडा असला तरी कागदाला कागद जुळत नाही.

एखादा शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश बघा, सरकारी कोश shabdakosh.marathi.gov.in वर शोधता येतात. पण त्याहून चांगला उपाय, आपल्याच तालुक्यातला तशाच प्रकारचा एक जुना नोंदणीकृत दस्त समोर ठेवा, तिथे तो शब्द वापरून झालेला असतो.

शेवटचं काम: सही करणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा

नानांच्या भावाला सुरतला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मुखत्यारपत्राचा मराठी मजकूर ओळीने वाचला. कबुलीजबाब झाला, ताबा देणे झाला, मग मी वाचलं, "मोबदल्याची रक्कम स्वीकारणे व तिची पावती देणे". तिकडून आवाज आला, थांबा, थांबा, म्हणजे माझ्या वाट्याचे पैसे नाना घेणार का? इंग्रजी कागद त्याने दोनदा वाचला होता, तिथे रिसीव्ह कन्सिडरेशन होतं, त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. नाना समोर बसलेले, तेच म्हणाले, लिहा हो भाऊ, त्याचे पैसे त्याच्या खात्यात. मग ते कलम असं झालं, "लिहून देणार यांच्या हिश्श्याची मोबदल्याची रक्कम लिहून घेणार यांनी थेट लिहून देणार यांच्या बँक खात्यात जमा करावयाची आहे, मुखत्यार यांना सदर रक्कम स्वीकारण्याचा अधिकार दिलेला नाही." दोन्ही भाषेत तेवढी ओळ बदलून कागद सुरतला पाठवला. मग लक्षात आलं की मुखत्यारपत्रात लिहून घेणार म्हणजे मुखत्यारच होतो आणि मला त्या ओळीत म्हणायचा होता जमीन घेणारा, म्हणून त्या जागी "खरेदीदार" करायला सुरतला पुन्हा फोन केला.